कुंडईतील एका विश्लेषकाचे मुदतवाढीचे पत्र: नऊच महिने का, पगार कोणता आणि जागा अजून कायम का नाही

मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्याच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांनी मुदतवाढीच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला. गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील एका विश्लेषक तरुणीचा बारा महिन्यांचा करार ३१ मे रोजी संपत होता आणि तो पुढे चालू ठेवायचा होता. मसुदा अर्ध्या पानाचा होता. त्यात लिहिले होते की आपली कामगिरी समाधानकारक असल्याने आपला करार अकरा महिन्यांसाठी वाढवण्यात येत आहे, आपल्या वेतनात आठ टक्के वाढ करण्यात येत आहे, तथापि व्यवस्थापनाच्या धोरणानुसार सध्या आपणांस कायम करता येत नाही. शेवटी एक ओळ होती की ग्रॅच्युइटी व कायम कर्मचाऱ्यांचे इतर लाभ आपणांस लागू राहणार नाहीत.

असे पत्र गोव्यातल्या कोणत्याही वसाहतीत, मग ती वेर्णा असो वा तुये, सहज सापडेल. वरवर पाहता त्यात चूक काही दिसत नाही. पण मुदत, पगार आणि कारण या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. अकरा महिने कुठून आले हे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "आमच्याकडे सगळे करार अकरा महिन्यांचेच असतात." आठ टक्के हा आकडा त्या वर्षीच्या सर्वसाधारण वाढीचा होता. आणि "व्यवस्थापनाचे धोरण" म्हणजे काय, याचा एकही कागद कंपनीकडे नव्हता.

अकरा महिन्यांच्या सवयीबद्दल थोडे सांगायला हवे. ही सवय घरभाड्याच्या करारातून आली आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे तिथे अकरा महिन्यांना अर्थ आहे. नोकरीच्या करारात त्यातून काहीही साधत नाही. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमात एका वर्षाची सलग सेवा मोजताना मागील बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झाले का, हे पाहिले जात असे आणि अकरा महिने काम करणारा माणूस तो टप्पा कधीच ओलांडून गेलेला असतो. दोन करारांच्या मध्ये एक-दोन दिवसांचा "ब्रेक" देण्याची जी पद्धत आहे, तीही याच समजुतीची बहीण आहे. कामगार न्यायालयात असे ब्रेक मालकाच्या उपयोगी क्वचितच पडतात; उलट तेच त्याच्या हेतूचा पुरावा म्हणून पुढे येतात.

आता ही जागा मुळात का निर्माण झाली ते पाहू, कारण मुदतीचे उत्तर तिथेच होते. कंपनीने एका युरोपीय ग्राहकासाठी एका गोळीचे उत्पादन आपल्या कारखान्यात आणण्याचे काम घेतले होते. त्यासाठी तीन प्रमाणीकरण बॅचेस करून त्यांच्या स्थिरता चाचण्या करायच्या होत्या. औषध किती काळ टिकते हे पाहण्याच्या या चाचणीत गोळ्या दोन प्रकारच्या कपाटांत ठेवतात: एका कपाटात ४० अंश सेल्सिअस तापमान व ७५ टक्के आर्द्रता असते, तर दुसऱ्यात २५ अंश व ६० टक्के. पहिल्या कपाटातला अभ्यास सहा महिन्यांत संपतो. दुसऱ्यातला मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि त्यातून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, अठराव्या व चोविसाव्या महिन्यात नमुने काढून तपासावे लागतात. प्रयोगशाळेतील कायम विश्लेषक नेहमीच्या बॅचेसमध्ये गुंतलेले असल्याने या एका कामासाठी जून २०२४ मध्ये तिची नेमणूक झाली.

मूळ वेळापत्रक असे होते की जुलै २०२४ मध्ये बॅचेस होतील, जानेवारी २०२५ पर्यंत सहा महिन्यांची आकडेवारी मिळेल आणि मे अखेरीस ग्राहक पुरवठा करार करायचा की नाही ते ठरवील. प्रत्यक्षात मुख्य कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला. त्यामुळे बॅचेस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाल्या, आणि पुरवठादार नवा म्हणून ग्राहकाने सहाऐवजी बारा महिन्यांची आकडेवारी मागितली. हा बदल कळवणारा ग्राहकाचा ईमेल प्रकल्प विभागाच्या फाइलमध्ये होता, पण मनुष्यबळ विभागाने तो पाहिलेला नव्हता. मुदतवाढीची पत्रे अशी पोकळ का होतात, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे: ज्याला कारण माहीत असते तो पत्र लिहीत नाही, आणि जो पत्र लिहितो त्याला कारण कोणी सांगत नाही.

ईमेल हाती आल्यावर मुदत जवळजवळ आपोआप ठरली. बाराव्या महिन्याचे नमुने ऑक्टोबर २०२५ मध्ये निघणार, त्यांची तपासणी व्हायला एक महिना लागणार, अहवाल डिसेंबरमध्ये तयार होणार आणि ग्राहक त्यानंतर सुमारे दोन महिन्यांत निर्णय कळवणार. म्हणून करार १ जून २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६ असा नऊ महिन्यांचा करावा, असे मी सुचवले. अकरा महिने ठेवले असते तर शेवटचे दोन महिने कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता आले नसते. आणि ग्राहकाचा निर्णय फेब्रुवारीत आल्यावरही तिला एप्रिलपर्यंत तात्पुरतेच का ठेवले, हा प्रश्न उभा राहिला असता.

हा प्रश्न नुसता शोभेचा नाही. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २(ओओ)(बीबी) प्रमाणे, मुदत संपल्यावर कराराचे नूतनीकरण न झाल्याने सेवा संपली तर ती कामगारकपात ठरत नसे, आणि म्हणून कपातीची नोटीस व भरपाई यांचा प्रश्न येत नसे. १९८४ च्या दुरुस्तीने आलेली ही सवलत मालकाच्या फार सोयीची होती; पण त्याच अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत, कामगारांना कायम दर्जा व त्याचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली कामगार, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा म्हटली होती. एकच पत्र या दोन तरतुदींपैकी कोणत्या बाजूला पडते ते त्यात लिहिलेल्या कारणावर आणि ते कारण खरे असल्याच्या पुराव्यावर अवलंबून असते. "व्यवस्थापनाचे धोरण" असे लिहिणारा मालक स्वतःच सांगत असतो की काम कायमस्वरूपी असले तरी आम्हाला माणूस कायम नको आहे.

व्यवस्थापकांचा एक आक्षेप होता की तिचे पदनाम "एक्झिक्युटिव्ह" आहे, म्हणून ती कायद्याने कामगार ठरणारच नाही. हा गैरसमज प्रयोगशाळांत सर्रास आढळतो. पदनाम काहीही असले तरी ती स्वतः नमुने तयार करते, एचपीएलसी यंत्र चालवते आणि निष्कर्ष नोंदवते. तिच्या हाताखाली कोणी नाही. हे तांत्रिक काम आहे आणि तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा लागू होत नाही. ती मर्यादा पर्यवेक्षकांसाठी आहे.

मसुद्यात आणखी एक सूक्ष्म दोष होता. समाधानकारक कामगिरीचा उल्लेख आणि कायम न करण्याचा उल्लेख एकाच वाक्यात, "तथापि" या शब्दाने जोडून आले होते. वाचणाऱ्याला त्यातून असे वाटते की कामगिरी चांगली आहे खरी, पण कायम होण्याइतकी नाही. कामगिरीचा या जागेच्या स्वरूपाशी काही संबंध नसेल तर तिचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात हवा, किंवा नकोच.

पगाराकडे येऊ. तिचे मासिक एकूण वेतन २०,४०० रुपये होते: मूळ वेतन १२,०००, घरभाडे भत्ता ४,८०० आणि विशेष भत्ता ३,६००. आठ टक्के वाढीने ते २२,०३२ झाले असते. कायम विश्लेषकाच्या श्रेणीचे सुरुवातीचे वेतन मात्र २२,६०० होते, आणि ती करीत असलेले काम त्या श्रेणीचेच होते. ५६८ रुपयांच्या या फरकासाठी कंपनीने "समान कामाला कमी वेतन" हा आक्षेप ओढवून घेऊ नये, असे मी लिहिले. फरक टक्क्यांत सांगण्यापेक्षा श्रेणीच्या सुरुवातीशी जोडला की पुढे जागा कायम झाल्यावर वेतन पुन्हा बसवण्याची कटकटही राहत नाही. व्यवस्थापकांनी हे संचालकांकडून मंजूर करून घेतले. नवे मूळ वेतन १३,५००, घरभाडे भत्ता ५,४०० आणि विशेष भत्ता ३,७०० असे ठरले.

या वाढीतून एक गोष्ट मात्र तिच्या विरोधात जात होती आणि ती पत्रात सांगणे आवश्यक होते. एकूण वेतन २१,००० रुपयांच्या वर गेल्याने ती ईएसआयच्या म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेर जाणार होती. लगेच नव्हे: ईएसआयचा वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, आणि काळाच्या मध्येच वेतन मर्यादेबाहेर गेले तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवावी लागते. म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत २२,६०० रुपयांवर पाऊण टक्क्याने १७० रुपये कापले जाणार आणि ऑक्टोबरपासून कपात थांबणार. भविष्य निर्वाह निधी आधीही आताही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर म्हणजे १,८०० रुपयेच होता. हातात येणारी रक्कम १८,४४७ वरून सप्टेंबरपर्यंत २०,६३० आणि पुढे २०,८०० होणार होती.

कपात थांबल्याचा आनंद इथे खोटा आहे, कारण तिच्या आईचे उपचार मडगावच्या ईएसआय रुग्णालयात चालू होते. भरलेल्या वर्गणीच्या आधारावर वैद्यकीय लाभ पुढच्या लाभकालात काही महिने मिळत राहतो, पण त्यानंतर काय? कंपनीच्या गट आरोग्य विम्यात कायम कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांचा समावेश होता, कराराच्या कर्मचाऱ्यांच्या नव्हता. ऑक्टोबरपासून तिच्या आईला त्या विम्यात घ्यावे, ही अट मी मसुद्यात घातली आणि या एका ओळीवर कंपनीत सर्वांत जास्त चर्चा झाली. शेवटी ती मान्य झाली.

सही मुदतीच्या आत होण्याची अडचण वेगळीच होती. संचालक परदेशात होते आणि ९ जूनला परतणार होते. तोपर्यंत थांबून पत्रावर मागची तारीख टाकण्याचा विचार चालला होता. तसे झाले असते तर १ जूनपासून आठ दिवस ती कोणत्याही कराराविना कामावर राहिली असती, आणि मुदतीचा करार संपूनही कामावर असलेल्या माणसाची मुदत कोणती, हा प्रश्न पुढे कधीतरी निघालाच असता. त्यामुळे सहीचे अधिकार कारखान्याच्या महाव्यवस्थापकांना लेखी देण्यात आले आणि २८ मे रोजी सही झाली. कंपनीचे अधिकृत पत्र इंग्रजीत होते. तिच्या विनंतीवरून सोबत मराठी प्रत दिली, तिचा मुख्य भाग असा:

"दिनांक १ जून २०२४ च्या नेमणूक पत्रानुसार आपला करार ३१ मे २०२५ रोजी संपत आहे. हा करार १ जून २०२५ पासून २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत नऊ महिन्यांसाठी वाढवण्यात येत आहे. दोन मुदतींमध्ये सेवेत खंड धरला जाणार नाही.

आपली नेमणूक ग्राहकासाठी होणाऱ्या तीन प्रमाणीकरण बॅचेसच्या स्थिरता चाचणीसाठी झाली होती. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलल्याने त्या बॅचेस ऑक्टोबर २०२४ मध्ये झाल्या आणि ग्राहकाने बारा महिन्यांची आकडेवारी मागितली आहे. ही आकडेवारी डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण होईल. उत्पादनाचा पुरवठा करार त्यानंतरच ठरणार असल्याने नियमित विश्लेषकाची अतिरिक्त जागा आज मंजूर झालेली नाही. पुरवठा करार झाल्यास किंवा या उत्पादनाची विक्रीसाठीची पहिली बॅच तपासणीस आल्यास, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, ही जागा कायम करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवला जाईल आणि आपल्या नावाचा प्रथम विचार केला जाईल. निर्णय काहीही असला तरी तो आपणांस ३१ जानेवारी २०२६ पर्यंत लेखी कळवला जाईल.

१ जून २०२५ पासून आपले मासिक एकूण वेतन कायम विश्लेषक श्रेणीच्या सुरुवातीच्या वेतनाइतके, म्हणजे २२,६०० रुपये राहील. त्याचा तपशील सोबत जोडला आहे. ईएसआय वर्गणी ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत कापली जाईल. १ ऑक्टोबरपासून आपला व आपल्या अवलंबित आईचा कंपनीच्या गट आरोग्य विम्यात समावेश होईल. ग्रॅच्युइटी व इतर वैधानिक लाभ वेळोवेळी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे देय राहतील."

पत्र हातात पडल्यावर तिने व्यवस्थापकांना विचारले, "सर, करार झाला नाही तर फेब्रुवारीनंतर मी नाही, असंच ना?" त्यांनी हो म्हटले, आणि तेच योग्य होते. पत्रात कायम करण्याचे वचन नाही; प्रस्ताव ठेवण्याचे आणि एका तारखेला उत्तर देण्याचे आहे. तिचा दुसरा प्रश्न जास्त नेमका होता: स्थिरता चाचणी तर चोविसाव्या महिन्यापर्यंत चालणार आहे, मग काम फेब्रुवारीत संपते कसे? याचे उत्तर असे की बाराव्या महिन्यानंतर नमुने सहा महिन्यांनी एकदाच निघतात आणि तेवढे काम आधीचे कर्मचारी करू शकतात. पूर्ण वेळेची जागा टिकते ती फक्त नियमित उत्पादन सुरू झाले तर. हे उत्तर पत्रातच असायला हवे होते असे मला आज वाटते, पण जोडलेल्या टिपणात ते दिले होते.

तिच्या घरी, माशेलला, पत्र वाचल्यावर सरकारी खात्यात कंत्राटावर असलेल्या एका नातेवाइकाने सांगितले म्हणे की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे कंत्राटी माणूस कायम होऊच शकत नाही. तो उमादेवी प्रकरणाचा २००६ चा निकाल सार्वजनिक सेवेतील भरतीसंबंधी आहे, जिथे मंजूर पद आणि खुली स्पर्धा यांना डावलून नेमणुका झाल्या होत्या. खासगी कारखान्यातल्या या जागेला तो लावण्याचे कारण नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याइतके वेतन व लाभ देणे बंधनकारक आहे, आणि ग्रॅच्युइटीसाठी त्याला पाच वर्षे थांबावे लागत नाही. एक वर्षाच्या सेवेवर प्रमाणात ती मिळते. मूळ मसुद्यातील "ग्रॅच्युइटी लागू नाही" ही ओळ राहिली असती तर कंपनीला त्या महिन्यात सुधारित पत्र काढावे लागले असते. दुसऱ्या करारपत्रांवर तशी ओळ होती आणि तिथे ते काढावे लागले.

डिसेंबरमध्ये बारा महिन्यांचा अहवाल वेळेवर गेला, पण ग्राहकाने करारासाठी आणखी तीन महिने मागितले. कंपनीला तेच पत्र तारीख बदलून पुन्हा हवे होते. निव्वळ ग्राहकाच्या विलंबासाठी, त्याच्या पत्राचा आधार घेऊन, तसे करणे चुकीचे ठरले नसते. पण मधल्या काळात ग्राहकाने चाचणीविक्रीसाठी एक बॅच मागवली होती आणि जानेवारीत ती प्रयोगशाळेत तपासणीला आली होती. पत्रातील "यांपैकी जे आधी होईल" हे शब्द आता कंपनीला बांधत होते. प्रकल्पप्रमुखांचे म्हणणे होते की एक बॅच म्हणजे नियमित उत्पादन नव्हे. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, पण पत्रात नियमित उत्पादन म्हटलेलेच नव्हते. विक्रीसाठीची पहिली बॅच म्हटले होते.

प्रस्ताव व्यवस्थापनापुढे गेला आणि १ मार्च २०२६ पासून जागा मंजूर झाली. कायम नेमणुकीच्या मसुद्यात सहा महिन्यांच्या परिवीक्षेचे कलम होते, बहुधा छापील नमुन्यातून आलेले. एकवीस महिने त्याच टेबलावर तेच काम केलेल्या माणसाची परिवीक्षा कशाची घ्यायची, असे मी समासात लिहिले आणि ते कलम खोडले. सेवा १ जून २०२४ पासून मोजली जाईल, ही ओळ त्या जागी घातली.